माणूस मोजला, कचेरी कोण मोजणार?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा निकाल लागला, त्यात त्या ७७३व्या आल्या आणि त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. मिळाली ती कागदावरच. शंभर टक्के अंधत्वाचे कारण देऊन रेल्वेने त्यांना घ्यायला नकार दिला. पाटील पुन्हा परीक्षेला बसल्या, पुढच्या वर्षी १२४व्या आल्या आणि आयएएस झाल्या. २०१८ मध्ये केरळात एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून त्या रुजू झाल्या.

या दोन निकालांच्या मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांत काडीचाही फरक पडला नव्हता. हिशेब पाहणाऱ्या सेवेला जे डोळे चालले नाहीत, तेच अख्ख्या उपविभागाचा कारभार पाहणाऱ्या सेवेला चालले. अपंगत्व डोळ्यांत असते, तर दोन्ही दारांशी ते सारखेच आडवे यायला हवे होते. मग ते होते कुठे? समाजशास्त्रात गेली पन्नास वर्षे या एका प्रश्नावर वाद चालू आहे, आणि नोकरीच्या जागेइतका तो दुसरीकडे कुठे उघडा पडत नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले. अपंगत्व म्हणजे शरीरातला किंवा मेंदूतला बिघाड. तो डॉक्टरांनी तपासायचा, जमला तर दुरुस्त करायचा, नाही जमला तर किती आहे ते मोजून दाखला द्यायचा. त्या दाखल्यावरून माणूस कामाला लायक की नालायक हे ठरायचे. याला वैद्यकीय मॉडेल म्हणतात. दुसरे उत्तर सांगते की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. डोळ्यांना दिसत नाही ही उणीव. कचेरीतला प्रत्येक कागद फक्त डोळ्यांनीच वाचता येईल असा ठेवलेला आहे, म्हणून त्या माणसाला काम करता येत नाही, हे अपंगत्व. आणि ते कचेरीने तयार केलेले आहे. हे सामाजिक मॉडेल.

हे दुसरे उत्तर विद्यापीठात जन्मलेले नाही. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या एका निवासी संस्थेत पॉल हंट नावाचा तरुण राहत होता. स्नायूंच्या आजारामुळे तो व्हीलचेअरवर होता. संस्थेत कधी उठायचे, कधी जेवायचे, कोणाला भेटायचे, हे चालक ठरवत. १९७२ च्या सप्टेंबरात त्याने ‘गार्डियन’ दैनिकात पत्र लिहून अशा संस्थांत अडकलेल्यांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तिकेत उणीव आणि अपंगत्व यांची ही फारकत पहिल्यांदा ठामपणे मांडली. हंटचा सहकारी व्हिक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेतून आलेला. वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीसाठी तो तुरुंगात जाऊन आला होता. माणसांची एक जात वेगळी काढून तिच्यासाठी वेगळी दारे करणे हा प्रकार त्याला नवा नव्हता.

फिंकेलस्टाइनने १९७५ मध्ये एका काल्पनिक गावाचे वर्णन केले. गावातले सगळे लोक व्हीलचेअरवर. साहजिकच घरे त्यांच्या सोयीची बांधलेली, दारे पाच फूट उंच, छतेही बुटकी. कोणाला काही अडचण नाही. मग काही चालती माणसे तिथे राहायला येतात आणि प्रत्येक दाराला त्यांची डोकी आपटू लागतात. गावचे डॉक्टर त्यांना तपासतात आणि निदान करतात, की या लोकांच्या उंचीत दोष आहे. त्यांना शिरस्त्राणे दिली जातात, कमरेत वाकून राहण्यासाठी पट्टे दिले जातात. नोकरीच्या मुलाखतीला गेले की कपाळावरची टेंगळे पाहून मालक नकार देतो. शेवटी त्यांच्यासाठी धर्मादाय संस्था निघते आणि दुकानांत दानपेट्या ठेवल्या जातात. गोष्ट थट्टेची आहे, पण तिच्यातले प्रत्येक पाऊल आपण रोज पाहतो. ‘दारे उंच करा’ हे कोणाला सुचत नाही, कारण दार चुकीचे असू शकते हे त्या गावात कोणाच्या मनातच येत नाही.

या विचाराला ‘सामाजिक मॉडेल’ हे नाव दिले समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी, १९८३ मध्ये. सतराव्या वर्षी पाठीच्या कण्याला मार बसून ते व्हीलचेअरवर आले आणि पुढे ब्रिटनमधले अपंगत्व-अभ्यासाचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे माझ्या मते सर्वांत उपयोगी काम एका पानाचे आहे. ब्रिटिश सरकारने १९८० च्या दशकात अपंगांची पाहणी केली होती. तिच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न असा होता, की तुमच्या आजारामुळे वा अपंगत्वामुळे सध्या तुमच्या कामावर काही परिणाम होतो का. ऑलिव्हर यांनी तो उलटा फिरवला: कामाच्या जागेची रचना किंवा इतरांची वागणूक यामुळे तुम्हाला कामात अडचणी येतात का. माणूस तोच, नोकरी तीच. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना तो आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगतो. दुसऱ्याला देताना तो बंद पडलेल्या लिफ्टबद्दल आणि खवचट सुपरवायझरबद्दल बोलतो. ऑलिव्हर यांचा मुद्दा होता की पहिल्या तऱ्हेने प्रश्न विचारत राहिल्याने त्या माणसालाही आपणच अडचण आहोत असे वाटू लागते.

आता आपल्याकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याची व्याख्या वाचली तर हंट आणि फिंकेलस्टाइन खूश झाले असते. दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांची उणीव जेव्हा भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडून माणसाचा समाजातला बरोबरीचा सहभाग रोखते, तेव्हा ती व्यक्ती दिव्यांग, असे कायदा सांगतो. अडथळ्यांशिवाय व्याख्या पुरी होत नाही. पण याच कायद्याखाली सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण हवे असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात जावे लागते. तिथे लागते किमान ४० टक्के, म्हणजे सरकारी भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. हे टक्के सांध्याच्या हालचालीचे, दृष्टीच्या तीक्ष्णतेचे, कानाच्या डेसिबलचे. ज्या अडथळ्यांचा उल्लेख व्याख्येत आहे, त्यांच्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही.

हे निव्वळ सरकारी गलथानपण आहे असे मला वाटत नाही. अमेरिकन अभ्यासक डेबोरा स्टोन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले होते, की काम करून पोट भरणारे आणि गरजेप्रमाणे मदत मिळणारे अशा दोन गटांत आधुनिक राज्य माणसे वाटते. दुसऱ्या गटात कोणी लबाडीने घुसू नये म्हणून त्याला एक फाटक लागते. डॉक्टरचा दाखला हे ते फाटक. आकडा पाहिला की कारकुनाला निर्णय घेता येतो आणि तो कोर्टातही टिकतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून झालेला गदारोळ आठवा. त्यानंतर संशयाची झळ प्रामाणिक दाखलेवाल्यांनाही लागली. म्हणजे टक्केवारीचे फाटक उद्या उठेल असे कोणी समजू नये. आरक्षण कोणाला द्यायचे यासाठी ते कदाचित लागेलही. गफलत होते ती पुढे. आरक्षणासाठी काढलेला आकडाच ‘हा माणूस हे काम करू शकतो का’ याचे उत्तर म्हणून वापरला जातो. चाळीस टक्के हे कामाबद्दल काहीही सांगत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटे गमावलेला माणूस शिक्षक म्हणून पूर्ण सक्षम असतो आणि तबलजी म्हणून त्याची कारकीर्द संपलेली असते.

त्यासाठी सरकारने दुसरी यादी केली आहे, पदसुनिश्चितीची. जानेवारी २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत अशी ३,५६६ पदे आहेत. प्रत्येक पदापुढे त्या कामाला लागणाऱ्या शारीरिक क्रिया लिहिलेल्या असतात: बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, बोटांनी काम करणे, लिहिणे-वाचणे, पाहणे, ऐकणे, बोलणे. आणि त्यावरून कोणत्या प्रकारचे दिव्यांग तिथे चालतील ते. टक्क्यांपेक्षा हे नक्कीच बरे, कारण इथे निदान कामाकडे पाहिले जाते. तरी मेख आहेच. ‘पाहणे’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. कशासाठी पाहणे, आणि ते दुसऱ्या रीतीने होईल का, हे पुढे कोणी विचारत नाही.

आपण विचारून पाहू. समजा, एका जिल्हा कार्यालयात आवक-जावक टेबलावर पूर्ण अंध कारकून रुजू झाला. वैद्यकीय चष्म्यातून हे टेबल त्याला अशक्यच. पत्रे येणार, ती वाचावी लागणार, वाचायला डोळे लागणार. पण टेबलावर दिवसभरात होते काय? पत्र फोडायचे, कोणाचे आणि कशाबद्दल ते पाहायचे, क्रमांक आणि तारीख देऊन नोंद करायची, योग्य शाखेला पाठवायचे, आणि कोणी ‘आमच्या अर्जाचे काय झाले’ म्हणून आला की ते शोधून सांगायचे. नोंदवही कागदी असेल तर यातले बहुतेक काम खरेच अडते. तीच नोंद संगणकावरच्या साध्या तक्त्यात होत असेल तर पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लावून तो नोंद करतो, शोधतो, पाठवतो. एनव्हीडीए नावाचे असे सॉफ्टवेअर फुकट मिळते, २००६ पासून. शोधण्याच्या कामात तर तो जाड वह्या चाळणाऱ्यापेक्षा पुढेच राहील. ईमेलने आलेली पत्रे त्याला थेट वाचता येतात. छापील पत्रे स्कॅन करून अक्षरओळख करणाऱ्या प्रोग्रामातून काढावी लागतात, त्याला वेळ लागतो आणि चुकाही होतात. खरी अडचण उरते ती हाताने लिहिलेल्या अर्जांची. तिथे यंत्र फारसे कामाचे नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दिवसाचे पन्नासेक अर्ज वाचून विषय सांगायचा आणि त्यांच्याकडे येणारे चौकशीचे फोन याने घ्यायचे, अशी अदलाबदल करता येते. पगार वाढत नाही, पद वाढत नाही. कोणत्या टेबलावर कोणते काम बसते हे कधीतरी कोणीतरी ठरवलेले असते. ते पुन्हा ठरवता येते.

आणि हे सगळे जुळून आल्यावर एक अडथळा असा निघतो, जो कोणत्याही डॉक्टरला सापडणार नाही. त्याच कार्यालयातली जुनी परिपत्रके आणि टिप्पण्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण संगणकाच्या पोटात असतात `ejkBh` ही रोमन अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांचे चित्र देवनागरीसारखे दाखवतो. डोळस माणसाला फरक कळत नाही. पडदा वाचणारे सॉफ्टवेअर मात्र पोटातले वाचते आणि कानात पडतो तो अर्थहीन खडखडाट. तीच गत परिपत्रकाचा फोटो काढून पीडीएफ केलेल्या फायलींची: त्यांत अक्षरे नसतातच, नुसते चित्र असते. ही अडचण आपल्या कार्यालयात आहे का हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटले तर ठीक. रोमन कचरा उमटला, किंवा मजकूर निवडताच आला नाही, तर ती फाइल अंध सहकाऱ्यासाठी बंद आहे. त्याच्या डोळ्यांच्या दाखल्यावर शंभर टक्के लिहिलेले असते. या फॉन्टचा दाखला कोणी काढत नाही.

दाराशी असलेला रॅम्प तर सर्वांना दिसतो, म्हणून तो बहुतेकदा नुसता दिसण्यापुरताच असतो. नियम साधा आहे: एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर, आणि त्याला रॅम्प हवा पाच मीटर चाळीस सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली सपाट जागा सोडून. आपल्याकडे अशा पायऱ्यांवर दीड-दोन मीटरची फरशी टाकून ‘रॅम्प केला’ असा फोटो फायलीला लावतात. एकास चारच्या चढावर व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही, मागे उलटण्याचा धोका असतो आणि उतरताना ब्रेक पुरत नाहीत. मग शिपाई मागून ढकलतो. रोज सकाळी कोणीतरी ढकलल्याशिवाय ज्याला स्वतःच्या ऑफिसात शिरता येत नाही, तो माणूस उशिरा थांबत नाही, चहाला खाली उतरत नाही, बढतीच्या गप्पा जिथे होतात तिथे पोहोचत नाही. टेप घेऊन उंची आणि लांबी मोजायला पाच मिनिटे लागतात. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाचे दार उघडून आत फिनेलचे डबे आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्यात का, हे पाहायला आणखी एक.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सामाजिक मॉडेल लावले की प्रश्न सुटला. तसे नाही, आणि हे सांगणारे लोक अपंग चळवळीतलेच आहेत. १९९० च्या दशकात लिझ क्रो यांनी विचारले, की आमच्या दुखण्याचे काय? नंतर समाजशास्त्रज्ञ टॉम शेक्सपिअर यांनी तो मुद्दा आणखी ताणून धरला. संधिवाताने सकाळी बोटे आखडतात, ती रॅम्पने सुटत नाहीत. तीव्र नैराश्यात माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, तेव्हा सगळी दारे सताड उघडी असूनही उपयोग नसतो. समाज कितीही सुधारला तरी शरीर काही मागणे मागत राहते, आणि औषधोपचाराला तुच्छ लेखून चालत नाही. शिवाय सोयी एकमेकींना छेदतात. रातांधळेपणा असलेल्याला टेबलावर प्रखर दिवा हवा. रंगद्रव्याच्या अभावाने गोरी पडलेली त्वचा आणि केस असलेल्याच्या डोळ्यांना तोच दिवा सोसत नाही. दोघांचीही टेबले एकाच खोलीत असतील तर कोणते मॉडेल बरोबर? तिथे दोन वेगळे दिवे आणि टेबलांची जागा, एवढेच उत्तर असते.

पण या टीकेतूनही कामाच्या जागेला सूट मिळत नाही. दुखणे शरीराचे, हे मान्य. सकाळी साडेनऊच्या ठोक्याला अंगठा लावलाच पाहिजे हा नियम मात्र शरीराने केलेला नाही. संधिवाताच्या माणसाला अकराला येऊन उशिरा थांबता आले तर त्याचे दुखणे तेवढेच राहते, नोकरी मात्र टिकते. फिंकेलस्टाइन म्हणत की कारखान्यातल्या यंत्राच्या गतीने पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने माणसे कामाबाहेर ढकलली. घरच्या मागावर आपल्या चालीने विणणारा लंगडा विणकर गिरणीत नको झाला. घड्याळ हीसुद्धा एक पायरीच आहे.

आपल्या कायद्याने या मधल्या जागेसाठी ‘वाजवी सोय’ ही कल्पना ठेवली आहे. मालकावर अवाजवी बोजा न पडता, त्या एका माणसासाठी लागतील ते बदल करणे. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ उलगडला. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, पण तो ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हता, म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की आरक्षणासाठीचे टक्के वेगळे आणि सोय मिळण्याचा हक्क वेगळा. सोय प्रत्येक दिव्यांगाला मागता येते. आणि ती काय असावी हे मालकाने एकट्याने ठरवायचे नाही, त्या माणसाशी बोलून ठरवायचे. इतकी उघड गोष्ट सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावे, याचे मला अजून नवल वाटते.

वाचकांपैकी बरेच जण कुठे ना कुठे नोकरी करतात, काही जण नोकऱ्या देतातही. या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण तयार करायचे असते. ते संकेतस्थळावर किंवा कार्यालयात ठळक जागी लावायचे असते. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोणत्या सोयी दिल्या जातील ते त्यात लिहावे लागते आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. उद्या ऑफिसात गेल्यावर हे धोरण कुठे लावले आहे ते बघा. नसेल तर एचआरला लेखी विचारा, आणि पोच घ्या.